टाळेबंदी : पाहा संप

आमच्या घरात पुस्तके फारशी नव्हती, पत्रके होती. खाटेखाली गठ्ठ्यांनी, माळ्यावर, मीठ-मिरचीच्या डब्यांच्या मागे. सीमेवरच्या एका तंबाखूच्या गावात वडील कामगारांसाठी पत्रके लिहीत, दुसऱ्याच्या छापखान्यात उभे राहून ती छापून घेत आणि आम्ही मुले खळीच्या डब्याबरोबर ती गल्लोगल्ली चिकटवत फिरत असू. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे छापलेली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी बाजूची असते, असे मला फार लवकर वाटू लागले. मधली ओळ नसतेच. अजूनही मला बरेचसे तसेच वाटते. पण एका शब्दाने त्यात एक फट पाडली, तिच्याविषयी लिहायचे आहे.

राज्यांची फेररचना होऊन काही वर्षे झाली होती. आमचे गाव म्हैसूर राज्यात आले आणि तिथल्या मराठी शाळांना लागणारी काही पुस्तके बंगळुरात तयार होऊ लागली. माझे दाजी बंगळुरातल्याच सरकारी कारखान्यात नोकरीला होते. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला ताईकडे पाठवले. तिथे शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे एका प्रकाशकाची दुमजली कचेरी होती, खाली छापखाना, वर आम्ही. मराठी विभाग म्हणजे दोन टेबले. एकावर मी. दुसऱ्यावर अण्णा.

अण्णा बेळगावकडचे. साठी ओलांडलेले, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. बंगळुरात तीस वर्षे काढल्यामुळे त्यांच्या बोलण्यात कानडी शब्द आपसूक येत. काम पटले की "सरी". घाई केली की "स्वल्प थांब की गं". पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितले, "आपण लिहायचं नसतं. लिहिलेलं एकमेकांशी भांडत नाही ना, एवढंच बघायचं."

ते बघणे म्हणजे काय, हे कळायला मला दोन महिने लागले. समाजशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी शब्दार्थ असत आणि पुस्तकाच्या शेवटी सूची. शब्दार्थातला प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर लिहिलेला असे. खाली व्याख्या, कोपऱ्यात धड्यातले पान. मग धडा उघडून ते पान काढायचे आणि धड्याने जे म्हटले आहे तेच व्याख्या म्हणते का, ते ताडायचे. एका ठिकाणी 'वेतन' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पगार' असेल तर एक शब्द ठरवायचा. 'पाहा' असे लिहून वाचकाला दुसऱ्या शब्दाकडे पाठवले असेल, तर आपणही तिथे जायचे. तो शब्द खरोखर तिथे आहे का, आणि तिथे गेलेल्या मुलाला उत्तर मिळते का, हे बघायचे. अण्णा याला 'पाहाच्या मागे चालणे' म्हणत.

शेवटी क्रम. लेखक इंग्रजीत लिहून मग मराठी करत, त्यामुळे चिठ्ठ्या त्यांच्याकडून येत त्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. अपघात, मग लवाद, मग करार. त्या सगळ्या टेबलावर पसरून आपल्या वर्णक्रमाने लावायच्या. क्ष कुठे, ज्ञ कुठे, अनुस्वाराचे अक्षर आधी की नंतर, याचे कचेरीचे नियम अण्णांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले होते. "नियम बरोबर आहे का चूक, ते महत्त्वाचं नाही," ते म्हणत, "पहिल्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर दुसरा नको."

मला हे काम आवडत नव्हते. जगात एवढे काही चालले असताना मी चिठ्ठ्या लावत बसले होते.

मग 'कारखाने आणि कामगार' हा धडा आला. पुस्तकाची ही सुधारून काढलेली आवृत्ती होती. पहिली आवृत्ती मी यायच्या आधीची; तिच्या छापील शब्दार्थावरून कचेरीतच नव्या चिठ्ठ्या उतरवल्या होत्या. मी चिठ्ठ्या लावू लागले. अपघात, करार, कामगार संघ. आणि मग ही चिठ्ठी :

टाळेबंदी : पाहा संप.

अण्णांच्या शिकवणीप्रमाणे मी 'पाहा'च्या मागे चालत गेले.

संप : कारखान्यातील काम बंद पडणे.

मी ती दोन वाक्ये चार वेळा वाचली. माझ्या आईचे हात तंबाखूच्या वखारीत पाने निवडण्यात गेले. मी दहा वर्षांची असताना मालकाने वखारीला कुलूप लावले होते. बायका रोज सकाळी डबे घेऊन दारापर्यंत जात आणि परत येत. आईने एक दिवसही काम सोडले नव्हते. तिला आत घेतले जात नव्हते. आणि आमच्याच गावच्या शाळेत हे पुस्तक जाणार होते. तिथल्या मुलाने टाळेबंदी म्हणजे काय ते शोधले, तर पुस्तक त्याला सांगणार होते की संप बघ. संप बघितला, तर काम आपोआप बंद पडले, असे सांगणार होते. वीज गेल्यासारखे. परीक्षेत व्याख्या शब्दार्थातूनच विचारत. मुलांना ते पाठ करायचे होते.

धड्यात मात्र दोन्ही गोष्टी सरळ लिहिलेल्या होत्या. कामगारांनी मिळून काम थांबवणे म्हणजे संप, मालकाने कामगारांना कामावर येऊ न देणे म्हणजे टाळेबंदी. म्हणजे शब्दार्थ धड्याशी भांडत होता. माझी बाजू खणखणीत होती. धड्याचे पान लिहायचे, समोर प्रश्नचिन्ह काढायचे, एवढेच काम होते.

शंकेसाठी आमच्याकडे छापील तक्ते असत, त्यांना शंकापत्रक म्हणत. पान, ओळ, मजकूर, शंका, उत्तर असे पाच रकाने. मी शाईच्या पेनने लिहिले : 'हा हेतुपुरस्सर केलेला घोटाळा आहे. मालकाचे कृत्य कामगाराच्या माथी मारले आहे. लेखकाने खुलासा करावा.'

अण्णांनी ते वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"पोरी, शंका कुठाय यात?"

"सगळीच शंका आहे."

"नाही. हा निकाल आहे. 'हेतुपुरस्सर' काढ."

"का काढू? आपोआप होतात का अशा गोष्टी?"

"मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी अशा घरातून आले आहे जिथे हे माहीत असतं."

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "सरी," ते म्हणाले. या वेळी त्या शब्दात पटल्याचा सूर नव्हता. त्यांनी पत्रकावर क्रमांक घातला. क्रमांक पडलेले पत्रक फाडायचे नाही, बदलायचे नाही, हाही कचेरीचाच नियम.

दोन दिवसांनी लेखक स्वतः आले. ते इथल्या एका कॉलेजात प्राध्यापक होते, पुण्याकडचे, फिकट रंगाचा कोट घालणारे. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती, तरी ते बसले नाहीत. माझे पत्रक त्यांच्या हातात होते.

"या बाई कोण?" त्यांनी अण्णांना विचारले, मी समोर असताना.

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही. छान. मी गिरणीमालकांचा हस्तक आहे, हे तुम्हांला कधी कळलं?"

"तसं मी लिहिलेलं नाही."

"मग 'हेतुपुरस्सर'चा अर्थ काय? की त्याच्यापुढेही 'पाहा' लावू?"

अण्णा खाली मान घालून हसले. मला हसू आले नाही.

"व्याख्या चूक आहे, सर," मी म्हणाले. "तुमच्याच धड्याप्रमाणे चूक आहे."

"असेल. ते बघता आलं असतं. पण हा शब्द मागे घेतल्याशिवाय मी शब्दार्थातलं एक अक्षर बदलणार नाही. शनिवारी हा फर्मा छापायला जातोय ना? तसाच जाऊ द्या."

फर्मा म्हणजे एका वेळी छापली जाणारी सोळा पाने. तो तसाच गेला असता, तर पुढच्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार वर्षे, टाळेबंदी म्हणजे संप राहिला असता. आणि माझ्याच एका शब्दामुळे. हे मला त्या क्षणी कळले, पण मी हटले नाही. आमच्या घरात शब्द मागे घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. वडिलांनी पोलिसांसमोर घेतला नव्हता, मालकासमोर घेतला नव्हता.

"आणि खरं सांगू का," प्राध्यापक आता जरा खालच्या आवाजात बोलले, "मी असं लिहिल्याचं मला आठवत नाही. मी दोन शब्द वेगवेगळे दिले होते."

अण्णा उठले. भिंतीजवळच्या कपाटात पहिल्या आवृत्तीच्या चिठ्ठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत धड्यांप्रमाणे ठेवलेल्या असत. त्यांनी त्या धड्याचे खोके काढले, टेबलावर ठेवले आणि चिठ्ठ्या चाळू लागले. आम्ही दोघे उभे होतो. ते एका चिठ्ठीपाशी थांबले. मग दुसरी शोधून काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या.

प्राध्यापकांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. एकीवर संप, एकीवर टाळेबंदी. दोन्ही व्याख्या पूर्ण, धड्यात होत्या तशाच. दोन्हींवर पेन्सिलीने काट मारलेली होती. काटेखाली बारीक, गोल, उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहिले होते : 'काम बंद पडणे. दोन्हींना चालेल. दोन ओळींची जागा वाचली.'

ते अक्षर मी रोज बघत होते. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर तेच अक्षर होते.

"हे माझं," अण्णा म्हणाले.

प्राध्यापक चिठ्ठ्यांवर वाकले.

"पान भरलं होतं," ते म्हणाले. "पुढचा धडा पाठीमागच्या पानावर जुळवून झाला होता. दोन ओळी जास्त होत होत्या. मला वाटलं, दोन्हींत काम बंदच असतं. एकात लिहू, दुसऱ्याला तिकडं पाठवू." त्यांनी काट मारलेल्या ओळीवर बोट ठेवले. "चुकलं. पाहाच्या मागे मीही गेलो असणार त्या वेळी. तिथे काहीतरी आहे, एवढंच बघितलं. काय आहे, ते बघितलं नाही."

मी मनात ज्याला उभे केले होते तो कोणी हस्तक असणार होता, पैसे घेऊन लिहिणारा. हा माणूस रोज दुपारी स्वतःच्या डब्यातला अर्धा लोणच्याचा तुकडा मला देत होता.

"मग मी काय करायचं, सर?" मी विचारले.

"शब्द मागे घ्या. लेखी. त्याच पत्रकावर. मग हव्या तशा दोन व्याख्या घाला, माझी सही घ्या." ते जायला वळले आणि दारात थांबले. "पण पान वाढलेलं चालणार नाही. प्रकाशक माझ्या डोक्यावर बसेल."

ते गेल्यावर मी अण्णांना म्हणाले, "तुम्ही तेव्हाच का नाही थांबवलंत मला?"

"थांबवलं की."

"तुम्ही केलंय, हे सांगायचं होतं."

"मला आठवत असतं तर सांगितलं असतं. असली कामं आठवत नाहीत गं. रोजची असतात."

मी पेन उघडून बसले, पण लिहवेना. अण्णांनी खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली.

"तुला वाटतंय, माघार घेतेस."

"मग काय घेतेय?"

"बाजू सोड म्हणतंय का कोण? टाळेबंदी वेगळी आहे, हे तुझं खरं आहे. ते पक्कं धर. 'हेतुपुरस्सर'ला पुरावा आहे?"

"नाही."

"मग ज्याला पुरावा आहे ते ठेव. ज्याला नाही ते काढ. व्याख्यांचं पण आपण हेच करतो ना?"

मी लिहिले : 'शंका क्रमांक अमुकमधील "हेतुपुरस्सर" हा शब्द निराधार होता. तो मी मागे घेते. व्याख्येबद्दलची शंका कायम आहे, कारण ती धड्यातील मजकुराशी विसंगत आहे.' शेवटचे वाक्य मला वाचवून ठेवावेसे वाटले आणि ते ठेवायला कोणी हरकत घेतली नाही.

मग व्याख्या. माझ्या पहिल्या मसुद्यात 'अन्याय' होता, 'झुंज' होती. अण्णांनी तो धड्याशेजारी ठेवला आणि ते चहाला गेले. ते परत येईपर्यंत मी धड्यातलीच वाक्ये उतरवून घेतली होती. संप : मागण्या मान्य व्हाव्यात म्हणून कामगारांनी मिळून काम थांबवणे. टाळेबंदी : मालकाने कारखाना बंद करून कामगारांना कामावर येऊ न देणे. एका वाक्यात कर्ता कामगार, दुसऱ्यात मालक. मी ती मोठ्याने वाचली, तेव्हा माझ्या लक्षात आले की वडिलांच्या पत्रकात घालायचे विशेषण इथे लागतच नव्हते. कोणी काय केले, एवढे सांगितले की पुरे होते.

प्राध्यापकांची सही शुक्रवारी आली. त्याच दुपारी आम्ही दोघांनी त्या धड्याचे सगळे 'पाहा' शेवटचे चालून घेतले. अण्णा वाचत, मी पान उघडून बोट ठेवी. सगळे नीट लागले.

शनिवारी सकाळी खालून जुळाऱ्याने हाक मारली. तो तमिळ बोलणारा होता. मराठी त्याला फारशी बोलता येत नसे, पण अक्षरांचे शिशाचे खिळे मात्र तो नजरेने अचूक लावी.

"अक्का! दोन लाइन जास्ती!"

मी जिना धावत उतरले. माझा अंदाज चुकला होता. स्तंभ अरुंद, त्यामुळे दोन्ही नव्या व्याख्या एकेका ओळीत न मावता दोन-दोन ओळींच्या झाल्या होत्या. खिळ्यांची चौकट आवळता येत नव्हती. यंत्र मोकळे उभे होते. अण्णा चहाला बाहेर गेले होते.

"कोणती काढू?" त्याने कानडीत विचारले.

मी ओल्या प्रुफावरून बोट फिरवले. 'नुकसानभरपाई' होती, दोन ओळींत. थोडे खाली 'भरपाई', तीही दोन ओळींत, जवळजवळ त्याच शब्दांत. दोन्हींचा अर्थ एक. 'भरपाई' मुलांना अडणार नव्हती.

"ही," मी म्हणाले.

त्याने दोन ओळी उचलल्या, चौकट आवळली, हातोडीने ठोकून बघितली. "सरी, अक्का." दुपारपर्यंत फर्मा छापून झाला. मी एक ताव वर आणला आणि अण्णांना दाखवला. 'टाळेबंदी' आपल्या जागी, 'करार' आणि 'कामगार संघ' यांच्या खाली, स्वतःची व्याख्या घेऊन उभी होती. अण्णांनी ती वाचली, मान हलवली. मी ताईकडे जाऊन ताव दाजींनाही दाखवला. ते म्हणाले, "एवढ्यासाठी आठवडाभर जेवली नाहीस होय?"

सूची अगदी शेवटी होते. सगळे फर्मे छापून झाले, पानांचे आकडे पक्के झाले, की छापील तावांवरून शब्द उतरवायचे. दीड महिन्याने मी त्या कामाला बसले. नव्या चिठ्ठ्या, नवा क्रम. कामगारांच्या धड्यापाशी आले, तेव्हा त्याच्या शब्दार्थातला पहिलाच शब्द :

अपघात : काम करताना अचानक होणारी इजा. पाहा भरपाई.

मी 'पाहा'च्या मागे गेले. तिथे काही नव्हते. तिथल्या दोन ओळी मी काढल्या होत्या.

शुक्रवारी सगळे 'पाहा' चालून झाले होते, शनिवारी मी एकटीने एक शब्द उचलला, आणि मग पुन्हा चालायचे सुचलेच नाही. दोन ओळी जास्त होत होत्या, यंत्र उभे होते, दोन्हींचा अर्थ एकच होता. हे सगळे मला आठवत होते, कारण अजून फार दिवस झाले नव्हते. आणखी तीन-चार वर्षांनी आठवले नसते.

अण्णा समोर बसून दुसऱ्या पुस्तकाचे प्रूफ वाचत होते. मी त्यांना सांगितले. त्यांनी मला काही सुनावले नाही. उठून ताव घेतला, दोन्ही जागा बघितल्या.

"हेतुपुरस्सर?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारले.

"अण्णा!"

"बरं बरं." ते पुन्हा खाली बसले. "शब्दार्थाचा फर्मा गेला. सूची अजून आपल्या हातात आहे."

सूचीत नुसते शब्द आणि पानांचे आकडे असतात. पण सूचीतही 'पाहा' चालते. 'अपघात'वरून हरवलेला एखादा मुलगा पुस्तकाच्या शेवटी येऊन भ मध्ये 'भरपाई' शोधील, तर त्याला तिथे काहीतरी मिळायला हवे. मी कोरी चिठ्ठी घेतली आणि लिहिले : 'भरपाई : पाहा नुकसानभरपाई.' मग छापील तावावर 'नुकसानभरपाई'पर्यंत बोटाने गेले. ती तिथे होती. तिची व्याख्या धड्यातल्या पानाशी ताडली. जुळत होती. पानाचा आकडा 'नुकसानभरपाई'च्या चिठ्ठीवर घातला आणि नवी चिठ्ठी 'बोनस' आणि 'मजुरी' यांच्या मधे सरकवली.

मग शंकापत्रकांचा गठ्ठा पुढे ओढला. पान, ओळ, मजकूर हे रकाने भरले. शंकेच्या रकान्यात लिहिले, 'हा शब्द शब्दार्थातून मी काढला. त्याकडे येणारे "पाहा" तपासले नाही. पुढील आवृत्तीत दुरुस्ती करावी.' खाली सही केली आणि क्रमांक घालण्यासाठी पत्रक अण्णांच्या टेबलावर ठेवले.